सोल्युबिलिटी टेस्टचा पीपीव्ही : ओपीडीतला आकडा कॅम्पात का चालत नाही

थिसिस जमा करायचे दिवस आले की नागपुरात माझ्याकडे रेसिडेंट डॉक्टरांची रांग लागते. मी बायोस्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यामुळे ‘मॅडम, फक्त पाच मिनिटं’ म्हणत येणारा माणूस दीड तास बसणार हे मला आता ठाऊक झालंय. दोनेक वर्षांपूर्वी पॅथॉलॉजीची एक मुलगी आली. विषय सिकल सेलच्या सोल्युबिलिटी टेस्टचा. तक्ता नेटका होता आणि गणितही बरोबर होतं. शेवटच्या पानावर मात्र एक वाक्य होतं : ‘टेस्ट पॉझिटिव्ह आल्यास ९३ टक्के खात्रीने हिमोग्लोबिन एस आहे असे म्हणता येते, म्हणून गावपातळीवरील कॅम्पसाठी ती योग्य आहे.’

या वाक्याचा पहिला भाग, म्हणजेच पीपीव्ही, तिच्या ओपीडीपुरता खरा होता. दुसरा भाग त्यातून निघतच नव्हता. का निघत नाही, आणि मग लिहायचं काय, हे पहिल्यांदा अशा कामाला बसलेल्यांसाठी इथे टप्प्याटप्प्याने सांगते. तिचे खरे आकडे देत नाही. हिशेबाला सोपे जातील असे आकडे मी शिकवण्यासाठी बनवले आहेत, कुठल्या अभ्यासातले म्हणून ते वापरू नका.

आधी टेस्ट नेमकं काय सांगते ते लिहा

सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्ताचा थेंब सोडियम डायथायोनाइट आणि सॅपोनिन घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये टाकतात. सॅपोनिनमुळे पेशी फुटतात, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि हिमोग्लोबिन एस असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह.

म्हणजे टेस्ट फक्त ‘एस आहे की नाही’ एवढंच सांगते. वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) हा फरक तिला कळत नाही. त्यामुळे ‘सिकल सेल आजारासाठी सेन्सिटिव्हिटी’ असं लिहिलंत की पहिल्याच ओळीत चूक झाली. ‘हिमोग्लोबिन एस ओळखण्यासाठी’ असं लिहा. पडताळणी कशाने केली तेही त्याच परिच्छेदात यायला हवं. आपल्या उदाहरणात ती एचपीएलसीने केली आहे. एचपीएलसीचा रिपोर्ट वाचणाऱ्याला सोल्युबिलिटीचा निकाल माहीत होता का, हेही स्पष्ट लिहा. एकाच टेबलावर दोन्ही वह्या उघड्या असतील तर गढूळ-स्वच्छच्या सीमेवरची नळी आपोआप ‘बरोबर’ वाचली जाते. यात कुणी मुद्दाम लबाडी करत नाही, डोळाच तसा वळतो.

कोणाला घेतलं नाही, तेही सांगा. सहा महिन्यांखालच्या बाळांत हिमोग्लोबिन एफ जास्त असतं आणि एस अजून कमी, म्हणून टेस्ट चुकून निगेटिव्ह येते. नुकतंच रक्त चढवलेल्या किंवा हिमोग्लोबिन फारच खाली गेलेल्या माणसातही तसंच होतं. डायथायोनाइट जुनं झालं, बाटली उघडी राहिली, तरी निगेटिव्हच. उलट रक्तात चरबी किंवा ग्लोब्युलिन फार असेल तर एस नसतानाही नळी गढूळ दिसते. रोज एक माहीत असलेला एएस नमुना आणि एक साधा एए नमुना सोबत लावलात का, हे परीक्षक विचारणारच. दोन्ही बरोबर आले नाहीत तर त्या दिवसाचे निकाल धरायचे नसतात.

चौकोन मांडा, आणि बेरजा कुठल्या दिशेने आहेत ते बघा

समजा हिमॅटॉलॉजी ओपीडीत आलेल्या ४०० जणांची, एकालाही न गाळता, दोन्ही तपासण्या झाल्या.

| | एचपीएलसीत एस आहे | एचपीएलसीत एस नाही | एकूण |
|---|---|---|---|
| टेस्ट पॉझिटिव्ह | १४१ | १० | १५१ |
| टेस्ट निगेटिव्ह | ९ | २४० | २४९ |
| एकूण | १५० | २५० | ४०० |

सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी उभ्या रकान्यातून निघतात. ज्यांच्यात एस आहे अशा १५० जणांपैकी टेस्टने १४१ पकडले, म्हणजे सेन्सिटिव्हिटी ९४ टक्के. ज्यांच्यात नाही अशा २५० पैकी २४० जणांना टेस्टने बरोबर सोडून दिलं, म्हणजे स्पेसिफिसिटी ९६ टक्के.

पीपीव्ही आणि एनपीव्ही आडव्या ओळीतून निघतात. पॉझिटिव्ह आलेल्या १५१ पैकी १४१ खरे, म्हणजे पीपीव्ही ९३.४ टक्के. निगेटिव्ह आलेल्या २४९ पैकी २४० खरे, म्हणजे एनपीव्ही ९६.४ टक्के.

उभं आणि आडवं एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. उभ्या रकान्याच्या आत फक्त एकाच प्रकारचे लोक असतात, म्हणून कोणाची संख्या किती यावर त्याचं गुणोत्तर ठरत नाही. आडव्या ओळीत मात्र दोन्ही प्रकारचे लोक मिसळलेले असतात. कोण किती आले, यावर ओळीचं गणित ठरतं. आपल्या ओपीडीत ४०० पैकी १५० जणांत एस होतं, म्हणजे प्रिव्हॅलन्स ३७.५ टक्के. ओपीडीत हे असंच असायचं, कारण तिथे सांधे दुखतात म्हणून, रक्त कमी म्हणून, भावाला सिकल सेल निघाला म्हणून लोक येतात.

आता विश्वासार्हतेचा पल्ला, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल. नुसतं ‘९४ टक्के’ छापणं म्हणजे भाव सांगून वजन न सांगणं. विल्सन पद्धतीने आर मध्ये एका ओळीत निघतो :

```
prop.test(141, 150, correct = FALSE)$conf.int
prop.test(240, 250, correct = FALSE)$conf.int
```

सेन्सिटिव्हिटीचा पल्ला ८९.० ते ९६.८ येतो, स्पेसिफिसिटीचा ९२.८ ते ९७.८. टक्क्यासोबत नेहमी अपूर्णांकही द्या : ९४.०% (१४१/१५०). वाचणाऱ्याला नऊ माणसं सुटली हे त्यातूनच दिसतं.

आणि जी नळी धड गढूळही नव्हती, धड स्वच्छही नव्हती, तिचं काय केलंत? बरेच जण ती गुपचूप वगळतात आणि टेस्ट छान दिसू लागते. तिची संख्या वेगळी द्या आणि हिशेबात ती कुठे धरली ते लिहा. निदान-चाचण्यांचे अभ्यास कसे मांडायचे हे सांगणाऱ्या स्टार्ड २०१५ या यादीत ३० मुद्दे आहेत. त्यात असे अनिश्चित निकाल, रुग्णांचा फ्लो डायग्राम आणि हा पूर्ण चौकोन, तिन्ही मागितलेले आहेत.

तीच टेस्ट गाडीत घालून गावात न्या

टेस्ट बदललेली नाही. रसायन तेच, टेक्निशियनही तोच. फक्त आता तुम्ही ओपीडीत नाही, एका गावच्या शाळेच्या व्हरांड्यात बसला आहात, आणि समोर गावातले सगळे आहेत, दुखणारे-न दुखणारे. समजा इथे दहापैकी एकात एस आहे. विदर्भातल्या काही समाजांत वाहकांचं प्रमाण याहून जास्तही असतं, पण दहा टक्के हिशेबाला बरं.

मी इथे सूत्र काढत नाही, माणसं मोजते. हजार माणसं घ्या. एस असलेले १००, त्यातले ९४ पॉझिटिव्ह येतील, ६ सुटतील. एस नसलेले ९००, त्यातले ४ टक्के म्हणजे ३६ जण उगाच पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह १३०, त्यात खरे ९४. पीपीव्ही ७२.३ टक्के. निगेटिव्ह ८७०, त्यात ८६४ खरे. एनपीव्ही ९९.३ टक्के.

आता नागपूर शहरातली एक मोठी कंपनी म्हणते, आमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी करा. देशभरातून आलेले लोक, समजा एस फक्त एका टक्क्यात. दहा हजार माणसं घ्या. एस असलेले १००, पुन्हा ९४ सापडले, ६ सुटले. एस नसलेले ९,९००, त्यांचे ४ टक्के म्हणजे ३९६. एकूण पॉझिटिव्ह ४९०, खरे ९४. पीपीव्ही १९.२ टक्के. पॉझिटिव्ह आलेल्या पाचांपैकी चौघांना काहीच नाही. एनपीव्ही मात्र ९९.९४.

तीन ठिकाणचे पीपीव्ही शेजारी ठेवा : ९३, ७२, १९. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी तिन्ही ठिकाणी ९४ आणि ९६. कारण अगदी साधं आहे. चार टक्के ही चूक एस नसलेल्यांमध्येच होते, आणि असे लोक जितके जास्त तितक्या खोट्या पॉझिटिव्ह जास्त. ओपीडीत २५० जणांचे चार टक्के म्हणजे १० होते, कंपनीत ९,९०० जणांचे चार टक्के म्हणजे ३९६. शोधायची खरी माणसं मात्र तेवढी वाढली नाहीत.

या टेस्टसाठी प्रिव्हॅलन्स साधारण ४ टक्क्यांवर आला की पीपीव्ही ५० होतो, म्हणजे छापा-काटा. त्याखाली पॉझिटिव्ह निकाल चुकीचा असण्याचीच शक्यता जास्त. स्वतः करून बघायचं असेल तर :

```
ppv <- function(se, sp, p) se*p / (se*p + (1-sp)*(1-p))
ppv(0.94, 0.96, c(0.375, 0.10, 0.04, 0.01))
```

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या हातून निसटते. कमी प्रिव्हॅलन्सला पीपीव्ही जवळजवळ पूर्णपणे स्पेसिफिसिटीवर चालतो. आपल्या स्पेसिफिसिटीचा पल्ला ९२.८ ते ९७.८ होता, दिसायला किती अरुंद! पण त्या हजार माणसांच्या गावात खालच्या टोकाला खोटे पॉझिटिव्ह ६५ होतात आणि पीपीव्ही ५९ वर येतो. वरच्या टोकाला ते २० होतात आणि पीपीव्ही ८२ वर जातो. म्हणजे ‘गावात पीपीव्ही ७२.३’ असं दशांशासकट छापायचा अधिकार ४०० जणांच्या अभ्यासाने आपल्याला दिलेलाच नाही. ‘साधारण ५९ ते ८२ च्या दरम्यान’ असं लिहा, त्यात कमीपणा नाही.

दोन खड्डे, दोन्ही मी जवळून पाहिलेले

पहिला. एका मुलाने १५० माहीत असलेले रुग्ण रजिस्टरमधून बोलावले आणि एस नसलेले २५० म्हणून हॉस्टेलची मुलं घेतली. मग तक्त्यातून पीपीव्ही काढला. पण १५० आणि २५० हे आकडे त्याने स्वतःच ठरवले होते! हॉस्टेलची पन्नासच मुलं घेतली असती तर पीपीव्ही आणखी चढला असता. असा अभ्यास असेल तर तक्त्यातून पीपीव्ही, एनपीव्ही काढायचेच नाहीत. सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी द्या, आणि पीपीव्ही हवाच असेल तर बाहेरून घेतलेल्या प्रिव्हॅलन्सवर, तसं सांगून काढा. शिवाय हॉस्टेलची धडधाकट मुलं म्हणजे टेस्टला सोपा पेपर. ताप, जास्त ग्लोब्युलिन, इतर ॲनिमिया असलेले लोक त्यांच्यात नसतात, त्यामुळे स्पेसिफिसिटीही फुगते. म्हणून ‘सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी कधीच बदलत नाहीत’ हे पाठ केलेलं वाक्य जरा जपून वापरा. नुसती संख्या बदलली तर त्या बदलत नाहीत. माणसांचा प्रकार बदलला तर बदलतात.

दुसरा खड्डा कॅम्पातला, आणि तो पैशामुळे पडतो. एचपीएलसी महाग, म्हणून फक्त पॉझिटिव्ह नमुने पुढे पाठवले जातात, आणि निगेटिव्हमधले थोडेसे ‘क्रॉस-चेक’ म्हणून. वरच्याच हजार माणसांच्या गावात हे करून बघू. १३० पॉझिटिव्ह सगळे गेले : ९४ खरे, ३६ खोटे. ८७० निगेटिव्हपैकी दहावा हिस्सा, ८७ गेले, त्यात समजा एक एस निघाला, ८६ साफ. आता ज्यांची एचपीएलसी झाली तेवढ्याच लोकांचा चौकोन मांडला तर सेन्सिटिव्हिटी ९५ पैकी ९४, म्हणजे ९८.९ टक्के. स्पेसिफिसिटी १२२ पैकी ८६, म्हणजे ७०.५ टक्के. टेस्ट तीच, पण एक आकडा फुगला आणि दुसरा पडला, कारण निगेटिव्हची ओळ आपणच दहापट लहान केली.

हे झालंय हे ओळखायचं कसं? एचपीएलसी झालेल्यांत पॉझिटिव्हचं प्रमाण बघा आणि सगळ्या तपासलेल्यांतलं प्रमाण बघा. इथे पहिलं २१७ पैकी १३०, म्हणजे ६० टक्के. दुसरं १३ टक्के. एवढी तफावत दिसली की थांबायचं. निगेटिव्ह नमुने चिठ्ठ्या टाकून निवडले असतील तर दुरुस्ती सोपी आहे : निगेटिव्ह ओळीचे आकडे दहाने गुणा. १० सुटलेले आणि ८६० साफ. मग सेन्सिटिव्हिटी १०४ पैकी ९४, म्हणजे ९० टक्के, आणि स्पेसिफिसिटी ८९६ पैकी ८६०, म्हणजे ९६. पण त्या एका सापडलेल्या नमुन्यावर सेन्सिटिव्हिटीचा सगळा डोलारा उभा आहे हे विसरू नका. तो नमुना सापडलाच नसता तर १०० टक्के आली असती. अशा वेळी पल्ला फार रुंद असतो, आणि तो काढायला कुणा जाणकाराला सोबत घ्या, वरची एक ओळ तिथे चालत नाही. एकही निगेटिव्ह पाठवला नसेल तर फक्त पीपीव्ही लिहा, बाकी तीन आकडे मिळत नाहीत.

मग थिसिसमध्ये काय लिहायचं

त्या मुलीचं शेवटचं वाक्य आम्ही बदललं ते साधारण असं, आकडे मात्र इथल्या उदाहरणातले :

‘हिमॅटॉलॉजी ओपीडीतील ४०० सलग रुग्णांमध्ये (हिमोग्लोबिन एसचे प्रमाण ३७.५%) सोल्युबिलिटी टेस्टची सेन्सिटिव्हिटी ९४.०% (१४१/१५०, ९५% पल्ला ८९.० ते ९६.८) आणि स्पेसिफिसिटी ९६.०% (२४०/२५०, ९२.८ ते ९७.८) आढळली. या प्रमाणावर पीपीव्ही ९३.४% (१४१/१५१) आणि एनपीव्ही ९६.४% (२४०/२४९) होता. हीच कामगिरी कायम राहिली असे धरल्यास, एसचे प्रमाण १०% असलेल्या गावात पीपीव्ही सुमारे ७२% आणि १% असलेल्या गटात सुमारे १९% राहील. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्ह नमुन्याची एचपीएलसीने पडताळणी आवश्यक आहे.’

पीपीव्हीच्या शेजारी प्रमाण नसेल तर तो आकडा छापूच नका, एवढा एक हट्ट मी धरते. गाईडना परिच्छेद लांबला असं वाटलं, पण व्हायवात परीक्षकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं आणि तिला उत्तर देता आलं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. एवढ्या मोठ्या संख्येत चार टक्के खोटे पॉझिटिव्ह असणारी टेस्ट एकटी चालवली तर किती घरांत काय होईल, ते गुणून बघा. आपल्याकडे ‘मुलीला सिकलिंग आहे’ हा शब्द स्थळापर्यंत रिपोर्टच्या आधी पोचतो. नंतर एचपीएलसी नॉर्मल आली तरी तो शब्द परत घेता येत नाही.

गावातल्या आशाताईंना सांगताना टक्के सोडून द्यायचे. मी हजार माणसांचंच सांगते : एकशेतीस जणांची नळी गढूळ होईल, त्यातल्या चौऱ्याण्णव जणांत एस असेल, छत्तीस जणांत नसेल, आणि कोण कुठल्या गटात हे त्या नळीला कळत नाही. एका ताईंनी लगेच विचारलं, ‘मंग मॅडम, त्या छत्तीस जनाइले आमी आजच काय सांगाचं?’

त्यांना काही सांगायचं नाही, आणि त्या चौऱ्याण्णव जणांनाही नाही. एकशेतीसच्या एकशेतीस जणांना एकच वाक्य : ‘दुसऱ्या तपासणीसाठी रक्त पाठवलंय, निकाल येईपर्यंत तुम्हाला काही आहे असं आम्ही म्हणत नाही.’ कार्डावर ‘पॉझिटिव्ह’ ऐवजी ‘पुढील तपासणी बाकी’ लिहायचं, आणि यादी शाळेच्या दारावर लावायची नाही.